धागा: सहा सेकंदांची न टाळता येणारी जाहिरात, संहितेत एकच गोष्ट आणि नाव कसे बसवावे?

कुळागर (फोंडा)

नमस्कार. आमचा कोकम आगळाचा छोटा घरगुती व्यवसाय आहे. आजवर फोंडा आणि म्हापसा येथील दुकानांतून माल जात असे. आता यूट्यूबवर जाहिरात द्यावी असे ठरले आहे. ज्यांनी आम्हाला हा मार्ग सुचवला, त्यांनी सहा सेकंदांची ‘बंपर’ जाहिरात घ्या, प्रेक्षकाला ती टाळता येत नाही आणि लहान व्यवसायाला परवडते, असे सांगितले. संहिता मीच लिहिली. व्यवसायाचे खरे नाव नियमामुळे येथे देत नाही. त्यात सहा अक्षरे आहेत, म्हणून त्याच्या जागी ‘अमुकतमुक’ असे धरावे.

माझी संहिता अशी आहे: “गोव्याच्या मातीतला, पिढ्यानपिढ्यांच्या विश्वासाचा, कोणताही कृत्रिम रंग नसलेला अमुकतमुक कोकम आगळ. चवथीनिमित्त दहा टक्के सवलत. आजच घरी आणा.”

सहा सेकंदांत पंधरा ते अठरा शब्द बसतात असे मी एका इंग्रजी लेखात वाचले होते. माझे शब्द मोजून अठराच आहेत. तरीही माझ्या पुतणीने कितीही भरभर वाचले तरी दहा सेकंदांच्या खाली येत नाही, आणि भरभर वाचले की रेल्वे स्थानकावरची उद्घोषणा ऐकल्यासारखे वाटते. चूक वाचण्यात आहे की लिहिण्यात?

दूधसागर (मडगाव)

मी दोन हॉटेलांचे समाजमाध्यमांचे काम पाहतो, म्हणून अनुभवाने सांगतो. पाचव्या सेकंदाला ‘स्किप’चे बटण येते आणि लोक बोट तयारच ठेवून बसलेले असतात. त्यामुळे व्यवसायाचे नाव पहिल्या पाच सेकंदांत आलेच पाहिजे, आणि सहावे सेकंद वाया जाणार असे गृहीत धरावे. शिवाय कुणी तीस सेकंद पाहिले नाही तर पैसेही लागत नाहीत, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. नाव आधी घ्या, बाकीचे मागाहून येऊ द्या.

मांडवीपार (पणजी)

मी गेली बरीच वर्षे संकलन आणि जाहिरातींच्या संहिता हे काम करतो. दूधसागर यांनी सांगितलेले खोटे नाही, पण ते दुसऱ्या प्रकारच्या जाहिरातीविषयी आहे. पाच सेकंदांनंतर टाळता येणारी जी लांब जाहिरात असते, तिच्यात तीस सेकंद पाहिल्यावर, किंवा जाहिरात त्याहून लहान असल्यास ती पूर्ण पाहिल्यावर, किंवा प्रेक्षकाने तिच्यावर बोट टेकवल्यावर पैसे लागतात. यूट्यूबने 2016 मध्ये आणलेल्या बंपरमध्ये ते बटणच नसते. लांबी जास्तीत जास्त सहा सेकंद, आणि पैसे दर हजार वेळा दाखवल्यामागे लागतात. समोरच्याने पाहिले की छताकडे बघत बसला याच्याशी त्या बिलाचा संबंध नाही.

याचा संहितेवर होणारा परिणाम मोठा आहे. टाळता येणाऱ्या जाहिरातीत पहिली पाच सेकंदे ही विनवणी असते: थांबा, पुढे काहीतरी आहे. बंपरमध्ये पुढे काहीच नसते. त्यामुळे उत्सुकता ताणून धरणे, आधी वातावरण उभे करणे, शेवटी नाव उलगडणे, या सगळ्या युक्त्या येथे निरुपयोगी ठरतात. प्रेक्षक कुठे जात नाही, पण त्याचे मन जाते. तो कोपऱ्यातले उतरते आकडे बघत असतो. म्हणून नाव लवकर यावे हा दूधसागर यांचा निष्कर्ष बरोबर आहे, मात्र त्याचे कारण बटण नव्हे.

आता कुळागर यांच्या संहितेकडे येतो. शब्द मोजणे ही इंग्रजीची सोय आहे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे ‘पिढ्यानपिढ्यांच्या’ हा एक शब्द बोलायला जितका वेळ घेतो तितक्या वेळात इंग्रजीचे तीनचार लहान शब्द होऊन जातात. मी अक्षरे मोजतो. तुमच्या अठरा शब्दांत त्रेसष्ट अक्षरे आहेत. ऐकणाऱ्याला घाई न वाटता मराठी बोलायची तर सेकंदाला पाच ते सहा अक्षरे हा माझा कामापुरता हिशेब आहे. म्हणजे तुमची संहिता अकरा सेकंदांच्या आसपासची आहे. पुतणीने दहांत आणली, तेव्हा दोष तिचा नाही.

निवृत्त मास्तर (डिचोली)

अक्षरे मोजण्याची कल्पना मला आवडली, कारण हे काम आपल्या संतकवींनी कधीच करून ठेवले आहे. मोठ्या अभंगाचा चौक सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा, म्हणजे एकूण बावीस अक्षरांचा असतो. एवढ्या जागेत एक पूर्ण विचार मांडता येतो आणि तो कानात राहतो. शेवटचा चार अक्षरांचा तुकडा आखूड असल्यामुळे तेथे बोलणारा आपोआप थांबतो. कुळागरबाबांनी बावीस अक्षरांचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे, असे मी सुचवतो.

मात्र मांडवीपार यांच्या हिशेबात एक खोट आहे. लिहिलेली अक्षरे आणि उच्चारलेली अक्षरे मराठीत सारखी नसतात. ‘आगळ’ लिहिताना तीन अक्षरे, पण बोलताना शेवटचा ‘ळ’ पाय मोडल्यासारखा होतो आणि दोनच आघात ऐकू येतात. ‘अमुकतमुक’ हे सहा अक्षरांचे नाव बोलताना चार ठोक्यांत संपते. अभंग गाताना प्रत्येक अक्षर सुटे उच्चारले जाते, बोलताना नाही.

मांडवीपार

मास्तर, खोट मान्य आहे. म्हणूनच मी लिखित अक्षरांचा आकडा वरची मर्यादा म्हणून वापरतो. बोलताना काही अक्षरे गिळली जातात, पण जोडाक्षरे त्याची भरपाई करतात. ‘विश्वासाचा’ यातील ‘श्वा’ एका साध्या अक्षरापेक्षा जास्त वेळ खातो. शेवटी घड्याळ लावून मोठ्याने म्हणून पाहणे याला पर्याय नाही. पण कागदावरच त्रेसष्ट अक्षरे दिसत असतील तर घड्याळ काढण्याचीही गरज नाही.

तुमचा बावीसचा आकडा तर माझ्या अनुभवाशी अगदी जुळतो. सहा सेकंदांपैकी आवाजासाठी प्रत्यक्षात सव्वाचार सेकंदेच मिळतात. आरंभी थोडी जागा सोडावी लागते, कारण अगदी पहिल्या क्षणी बोललेले अक्षर प्रेक्षकाच्या कानात शिरत नाही. तो अजून आधीच्या दृश्यात असतो. शेवटी एक-दीड सेकंद शांत ठेवावे लागते, कारण नाव वाचायला आणि मनात उतरायला तेवढा वेळ लागतो. जाहिरात संपताच त्याने निवडलेला व्हिडिओ धाडकन सुरू होतो आणि शेवटचा शब्द त्याखाली चिरडला जातो.

नाट्यवेडा (पेडणे)

मलाही याच विषयावर विचारायचे होते. आमच्या मंडळाच्या जत्रेतील नाटकासाठी आम्ही व्हॉट्सॲप स्टेटसला तीस सेकंदांचा व्हिडिओ ठेवला होता. त्यात नाटकाचे नाव, सर्व कलाकार, दिग्दर्शक, नेपथ्यकार, देणगीदार, दिवस, वेळ, स्थळ असे सर्व दिले, तरी लोक फोन करून “नाटक कधी?” असेच विचारत राहिले. तोच व्हिडिओ सहा सेकंदांत पळवला तर चालेल का? म्हणजे पाचपट वेगाने?

मांडवीपार

नाट्यवेडा, स्टेटस आणि बंपर हे निराळे प्रकार आहेत. स्टेटस पाहणारा तुम्हाला ओळखतो आणि त्याला हवे तर तो बोट दाबून चित्र थांबवतो. पण तुमच्या प्रश्नातच तुमचे उत्तर आहे. लोकांनी फोन करून जे विचारले, तीच तुमची एकमेव गोष्ट. मंडळाचे नाव आणि दिवस, एवढेच. देणगीदारांची नावे फलकावर शोभतात.

नाट्यवेडा

देणगीदारांना हे कोण सांगणार, हा खरा प्रश्न आहे. असो, चर्चा कुळागरबाबांची आहे.

कुळागर

अक्षरांचा हिशेब पटला. आता अडचण अशी की यातून काय काढावे? माझ्या मते सर्वच गोष्टी महत्त्वाच्या आहेत. रंग घालत नाही हे तर सांगितलेच पाहिजे, कारण बाजारात तसा माल मिळतो. सवलत नसेल तर लोक का घेतील? आणि तीन पिढ्यांचे नाव हे आमचे भांडवल आहे.

मांडवीपार

एकेक पाहू. सवलत सांगितली की तिच्या अटी येतात: कुठल्या दुकानात, किती तारखेपर्यंत, किती मापाच्या बाटलीवर. अटी लिहायच्या तर त्या वाचता येतील अशा लिहाव्या लागतात, आणि सहा सेकंदांत वाचता येतील अशा अटी मी अजून पाहिलेल्या नाहीत. शिवाय चवथ संपली की जाहिरात टाकाऊ.

रंगाचा दावा खरा असेल तरी तो खाद्यपदार्थाविषयीचा दावा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिराती आणि दाव्यांविषयीचे 2018 चे नियम आहेत; ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ असे शब्दसुद्धा मनाला येईल तसे वापरता येत नाहीत. तुमच्याकडे पुरावा असेल तर बाटलीवर छापा, तेथे वाचायला वेळ असतो. जाहिरातीत “आमच्यात रंग नाही” असे सांगितले की ज्याच्या मनात शंकाच नव्हती त्याच्याही मनात ती घालण्यात तुमची दोन सेकंदे जातात.

तीन पिढ्या हा तुमच्यासाठी अभिमानाचा विषय आहे, पण ती गोष्ट कुठल्याही लोणच्याची, खाज्याची किंवा सोनाराची असू शकते. मी नवीन संहितेला एक कसोटी लावतो: व्यवसायाचे नाव झाकून वाक्य वाचावे, आणि त्या जागी शेजारच्या दुकानाचे नाव घातले तरी वाक्य तसेच उभे राहत असेल, तर ते वाक्य काढून टाकावे. तुमच्या संहितेतील “गोव्याच्या मातीतला” आणि “विश्वासाचा” ही दोन्ही विशेषणे या कसोटीवर पडतात.

आता मला सांगा, लोक आगळ नक्की कधी विकत घेतात? घरात सोले असताना आगळ कशाला लागते?

माटोळी (म्हापसा)

हे मी सांगते, कारण विकत घेणारी मीच आहे. सोलकढीसाठी सोले आधी पाण्यात भिजत घालावी लागतात, मग ती कुस्करून गाळायची. दुपारी बाराला आठवण होते की सोले भिजवलीच नाहीत, नारळाचा रस काढून तयार आहे आणि पाहुणे बाल्कांवात बसले आहेत. अशा वेळी आगळाची बाटली हाताशी लागते. दोन चमचे रसात घातले की झाले. मात्र आगळात मीठ असतेच, त्यामुळे कढीत वेगळे मीठ घालताना हात आखडता घ्यावा लागतो. हे तुमच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा, नव्या सुना फसतात.

आणि चवथीचे म्हणाल, तर आमच्या घरी त्या दिवसांत सोलकढी होत नाही. लसणीशिवाय ती आम्हाला गोड लागत नाही. चवथ झाल्यावर मासळी घरात येते, तेव्हा बाटली लागते.

मांडवीपार

ताई, तुम्ही संहिता लिहिलीत. “सोले भिजवायची राहिली” हीच ती एक गोष्ट. यात वस्तूचा उपयोग आहे, वापरण्याची वेळ आहे, आणि ही अडचण ज्याला कळते तो सगळा तुमचाच ग्राहक आहे. ज्याला सोले म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याला सहा सेकंदांत आगळ समजावता येणार नाही. पर्यटकांसाठी करायची तर ती दुसरी, लांबीला मोठी जाहिरात होईल.

मी असे लिहीन: “सोले भिजवायची राहिली? अमुकतमुक आगळ घाला.” पहिल्या वाक्यात दहा अक्षरे, दुसऱ्यात अकरा, एकूण एकवीस. मास्तरांच्या अभंगाला एक कमीच.

चित्राचे सांगतो. भारतात आपण सहसा सेकंदाला पंचवीस चौकटी या गतीने काम करतो, म्हणजे सहा सेकंदांत दीडशे चौकटी. पहिल्याच चौकटीत पांढऱ्याशुभ्र नारळरसाचे भांडे आणि शेजारी बाटली, तिची चिठ्ठी समोर, नाव वाचता येईल इतकी जवळ. काळोखातून हळूहळू चित्र उजळवणे येथे करू नये. त्यात बारापंधरा चौकटी, म्हणजे अर्धे सेकंद, निव्वळ काळोखावर खर्च होते. दहाव्या चौकटीच्या सुमारास प्रश्न सुरू होतो आणि पंचावन्नाव्यापर्यंत संपतो. मग दहा चौकटी कुणी बोलत नाही. बाटलीतून आगळाची लाल धार पांढऱ्या रसात पडते आणि तिचा आवाज तेवढा ऐकू येतो. पासष्टपासून एकशेदहापर्यंत दुसरे वाक्य, आणि त्याच वेळी डाव फिरून कढी गुलाबी होत जाते. उरलेल्या चौकटींत गुलाबी कढी, बाटली आणि मोठ्या अक्षरांत नाव. आवाज नाही.

पांढऱ्याचे गुलाबी होणे हा या जाहिरातीचा जीव आहे. फोनचा आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यालाही ते कळते. म्हणून दोन्ही वाक्ये पडद्यावर लिहून दाखवावीत, पण इतर एकही शब्द लिहू नये. दूरध्वनी क्रमांक नको, पत्ता नको. आणि नाव चौकटीच्या खालच्या कडेला लावू नका. तेथे यूट्यूबची स्वतःची जाहिरातीची खूण आणि बटण येते, नाव त्याखाली झाकले जाते. नाव मधल्या पट्ट्यात ठेवा.

दूधसागर

बंपरचे बिल वेगळे असते हे मला ठाऊक नव्हते, दुरुस्ती मान्य. पण एक मुद्दा सोडवत नाही. नाव पहिल्यांदा कानावर पडते ते अडीच सेकंदांनंतर. माझ्या हॉटेलांच्या बाबतीत मी पहिला शब्दच नाव ठेवतो. “अमुकतमुक आगळ! सोले भिजवायची कटकट नाही.” असे का नको?

मांडवीपार

नाव कानावर उशिरा पडत असले तरी डोळ्यांसमोर पहिल्या चौकटीपासून आहे, हा माझा बचाव. पहिला शब्द नाव ठेवले की ते नाव कशाचे हे कळण्याआधीच निघून जाते; प्रश्न आधी आला की मनात एक रिकामी जागा तयार होते आणि नाव तिच्यात जाऊन बसते. पण हे मी छातीठोकपणे सर्वत्र लागू करणार नाही. तुमच्या हॉटेलाचे नाव लोकांना आधीच माहीत असेल तर ते पहिले घेणे योग्यच, कारण तेथे नाव ओळखीचे आहे. कुळागर यांचे नाव फोंड्याबाहेर फारसे कुणी ऐकलेले नाही.

निवृत्त मास्तर

प्रश्न आधी घेण्याच्या बाजूने माझे मत आहे. मात्र ही जाहिरात मराठीत का, असा प्रश्न कुणी तरी विचारणारच, तेव्हा मीच विचारतो. स्वयंपाकघरात आपण ‘सोलां’ म्हणतो, ‘सोले’ नव्हे. हे दृश्य घरातले आहे आणि घरातली भाषा कोकणी आहे.

कुळागर

मास्तर, याचा विचार घरी झाला. आमचा माल सावंतवाडी आणि बांद्यालाही जातो, म्हणून मराठी. शिवाय ‘सोलां’ म्हटले काय आणि ‘सोले’ म्हटले काय, वस्तू कळते. पण तुमचे म्हणणे मनात राहिले आहे. आवाज मराठी आणि पडद्यावरचे शब्द कोकणी असे केले तर?

मांडवीपार

तसे मात्र करू नका. कान एक ऐकतो आणि डोळा दुसरे वाचतो, तेव्हा दोन्ही अर्धवट राहतात. लांब चित्रपटात हे चालते, कारण सवय व्हायला वेळ मिळतो. दोन भाषांत दोन वेगळ्या फायली करा. चित्रीकरण एकच, खर्च फक्त आवाजाचा आणि अक्षरांचा.

कुळागर (नऊ दिवसांनी)

चित्रीकरण झाले. नारळरसाचे भांडे, बाटली, डाव, सर्व सांगितल्याप्रमाणे. संकलन माझ्या भाच्याने केले. त्याने बरोबर दीडशे चौकटी ठेवल्या आहेत, तरीही फाइल बंपर म्हणून घेतली जात नाही, लांबी जास्त असल्याचे दाखवते. त्याने तीनदा मोजले. आम्ही काय चुकतो आहोत?

मांडवीपार

चौकटी बरोबर असतील, पण आवाज चित्रापेक्षा लांब असावा. शेवटी जो संगीताचा तुकडा किंवा घुमारा लावला असेल, त्याचे शेपूट चित्र संपल्यावरही फाइलमध्ये राहते, आणि फाइलची लांबी जो भाग मोठा त्यावरून ठरते. भाच्याला हे चालवून पाहायला सांगा:

```
ffprobe -v error -show_entries stream=codec_type,duration -of csv=p=0 agal.mp4
```

दोन ओळी दिसतील, एक चित्राची आणि एक आवाजाची.

कुळागर

असे दिसते:

```
video,6.000000
audio,6.144000
```

मांडवीपार

तेच. शेवटी घुमटाचा ठोका लावला असेल, त्याची आस मागे उरली आहे. ठोका थोडा आधी घ्या आणि चित्र व आवाज दोन्ही एकशेअठ्ठेचाळीस चौकटींवर तोडा, म्हणजे 5.92 सेकंद होतील. काठोकाठ भरलेली फाइल पुन्हा रूपांतरित करताना कधी कधी थोडी वाढते. दोन चौकटींचा मोकळेपणा कुणाला दिसत नाही.

कुळागर (आणखी पाच दिवसांनी)

जाहिरात सुरू झाली. धन्यवाद, घुमटाचाच ठोका होता, आपल्याला कसे कळले ते ठाऊक नाही. मात्र आता वेगळीच काळजी आहे. तीन दिवस झाले, पैसे खर्च होत आहेत, आणि यूट्यूबवर व्हिडिओखाली ‘दृश्ये’ फक्त एकेचाळीस दिसतात. त्यातली तीसेक तरी आमच्या घरच्यांचीच असतील. आमची फसवणूक झाली का?

दूधसागर

एकेचाळीस म्हणजे फारच कमी. माझ्या हॉटेलांच्या जाहिरातींना हजारोंनी येतात. ज्यांनी मोहीम लावून दिली, त्यांना विचारा.

मांडवीपार

फसवणूक नाही. बंपर दाखवली गेली की ती व्हिडिओखालच्या जाहीर आकड्यात धरली जात नाही. दूधसागर यांच्या जाहिराती टाळता येणाऱ्या असल्यामुळे त्यांत कुणी ठराविक वेळ पाहिले की तो आकडा वाढतो. तुम्ही गूगल ॲड्सच्या खात्यात जाऊन जाहिरात किती वेळा दाखवली गेली, किती वेगवेगळ्या लोकांना दिसली आणि प्रत्येकाला सरासरी किती वेळा, हे तीन आकडे पाहा. टिचक्या किती पडल्या ते पाहूच नका. सहा सेकंदांत कुणी टिचकी मारत नाही आणि मारावी अशी अपेक्षाही नाही.

त्यातला तिसरा आकडा गोव्यात विशेष जपावा लागतो. 2011 च्या जनगणनेत आपली लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. त्यातून तुम्ही फोंडा परिसर, अमुक वयाच्या स्त्रिया, स्वयंपाकाची आवड, अशी चाळणी लावत गेलात की उरलेल्या थोड्या लोकांवर तीच जाहिरात पुन्हा पुन्हा आदळते.

कुळागर

खाते उघडून पाहिले. सरासरी एकाला तीन दिवसांत अकरा वेळा! माझी मेहुणी काल म्हणालीच, की तुमच्या त्या प्रश्नाचा आता राग येतो.

मांडवीपार

मेहुणीचे ऐका. मोहिमेच्या रचनेत एका व्यक्तीला आठवड्यात किती वेळा दाखवायचे याची मर्यादा घालता येते. मी अशा लहान जागी आठवड्याला तीनवर थांबतो. आणि चाळणी सैल करा. संपूर्ण गोवा आणि शेजारचे सिंधुदुर्ग घ्या. गोव्यातली सोलकढी पुरुषही करतात.

माटोळी

जाहिरात मी पाहिली, माझ्या फोनवर आली. कढीचा रंग छान दिसतो. पण “भिजवायची राहिली?” हा प्रश्न ऐकून मला सासूबाई मागे उभ्या असल्यासारखे वाटले. चूक दाखवल्याचा सूर आहे. “सोले भिजली नाहीत?” असे म्हटले तर सूर मऊ होतो आणि दोन अक्षरे वाचतात.

निवृत्त मास्तर

अक्षरे वाचतात, पण अर्थ बदलतो. “भिजली नाहीत” याचा अर्थ भिजत घातली होती पण मऊ झाली नाहीत, असाही होतो. “भिजवायची राहिली” यात विसर आहे, आणि विसरणाऱ्यालाच आगळ लागते. सासूबाईंचा सूर आवाज देणाऱ्या बाईंच्या म्हणण्यात असेल, शब्दांत नसावा. ‘राहिली’ हा शब्द वर चढवून म्हटला की उलटतपासणी होते. खाली उतरवून म्हटला की स्वतःशीच बोलल्यासारखे होते.

मांडवीपार

मास्तरांचे पटते, पण ताई ग्राहक आहेत आणि मास्तर नाहीत. लोकांच्या मनात नाव किती रुजले हे मोजण्याची यूट्यूबची स्वतःची पाहणी आहे, परंतु तिला किमान खर्चाची अट असते आणि ती आगळाच्या गल्ल्याला झेपणारी नाही. स्वस्त मार्ग असा: दोन्ही पाठ ध्वनिमुद्रित करा. ओळखीच्या नसलेल्या दहा जणांना फोनवर दुसराच एखादा व्हिडिओ दाखवा, त्याच्या आधी ही जाहिरात लावा, पाच जणांना एक पाठ आणि पाच जणांना दुसरा. तासाभराने विचारा की आधी काय आले होते. “ती कढीची जाहिरात” असे उत्तर आले तर चित्र पोचले, नाव पोचले नाही. नाव सांगितले पण कशाचे ते सांगता आले नाही तर उलट. मोजणी फार बारीक नव्हे, पण पैसे टाकण्यापूर्वी ढोबळ चूक तरी उघडी पडते.

कुळागर

दहा जणांना दाखवले, आमच्या गल्लीबाहेरचेच घेतले. ‘राहिली’ या पाठात पाचपैकी चौघांना नाव आठवले. ‘नाहीत’ या पाठात तिघांना, पण त्यांपैकी एकीने “आगळ घातली की सोले लवकर भिजतात ना?” असे विचारले. मास्तरांची शंका खरी ठरली म्हणायची. मात्र ताईंचे म्हणणेही ध्यानात ठेवले आहे. पुतणीकडून तेच वाक्य उतरत्या सुरात पुन्हा म्हणून घेणार आहे. मर्यादा आठवड्याला तीन केली आहे आणि चाळणी काढून टाकली आहे.

माटोळी

उतरत्या सुराचे झाले की येथे कळवा. आणि मिठाचे बाटलीवर लिहिले का?

कुळागर

चिठ्ठ्यांचा नवा गठ्ठा छापायला टाकला आहे ताई, त्यात आहे. कोकणी पाठाचे मात्र अजून ठरत नाही. ‘सोलां भिजोवपाचीं उरलीं?’ असे लिहून पाहिले, पण घरातच दोन मते झाली आहेत आणि मास्तरांना विचारल्याशिवाय मी ध्वनिमुद्रण करणार नाही.

निवृत्त मास्तर

रविवारी दुपारी घरी या. बाटली घेऊन या.